कॉल झोपेवर ठेवू नका

घरूनच काम करायचंय म्हटल्यावर बहुतेक आयांच्या डोक्यात एक हिशेब असतो: बाळ दिवसा तीन-साडेतीन तास झोपतं, रात्री लवकर झोपतं, म्हणजे त्या वेळात काम उरकता येईल. शेजारपाजारचेही तेच सांगतात. हिशेब कागदावर बरोबर आहे. फक्त ते साडेतीन तास सलग येत नाहीत, आणि कधी येणार हेही सांगून येत नाहीत. आज सव्वाआठला झोपलेलं बाळ उद्या नऊ वाजेपर्यंत जागं असतं. परवा दीड तास झोपलं, आज पस्तीस मिनिटांत टक्क डोळे उघडून हसतंय. लॅपटॉपवर पहिली मेल वाचून होते न होते तोच.

याला कारण आहे आणि ते बाळाच्या हट्टीपणात नाही. तान्ह्या बाळाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण चाळीस-पन्नास मिनिटांचं असतं. आवर्तन संपताना झोप उथळ होते. मोठी माणसं अशा वेळी कूस बदलून पुन्हा झोपतात. चार-पाच महिन्यांच्या बाळाला हे रात्री थोडंफार जमायला लागलेलं असतं, दिवसा नाही. रात्रीची झोप आधी जुळते, दिवसाची नंतर. बऱ्याच बाळांच्या दिवसाच्या झोपा सहा-सात महिन्यांनंतरच लांब आणि ठरावीक व्हायला लागतात.

आता रजेचं गणित बघा. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले दोन आठवडे बाळंतपणाआधी गेले असं धरलं, तर बाई कामावर परतते तेव्हा बाळ साडेपाच महिन्यांचं असतं. म्हणजे झोपा लागी लागायच्या नेमक्या आधी. त्याच दुरुस्तीत रजेनंतर घरून काम करण्याची सोय आहे, पण ती कामाच्या स्वरूपावर आणि मालकाशी ठरण्यावर अवलंबून आहे, हक्क म्हणून मागता येत नाही. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा अंगावर पाजण्यासाठी वेगळी सुट्टी देण्याची तरतूद मात्र जुनीच आहे. घरून काम करणाऱ्या बायका ती मागतच नाहीत, घरीच तर आहे म्हणून. मागावी. कॅलेंडरवर ते दोन चौकोन भरलेले दिसले तर त्या वेळेत कोणी मीटिंग टाकत नाही.

उदाहरणासाठी अशी एक आई धरू. पुण्यात राहते, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम, अमेरिकेतला क्लायंट. नवरा ऑफिसला जातो, साडेसहापर्यंत परततो. सासूबाई त्याच सोसायटीत, पण त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे दिवसभर बाळ सांभाळणं त्यांना झेपत नाही. बाळ साडेपाच महिन्यांचं, अंगावर पिणारं, झोपेच्या वेळांचा पत्ता नसलेलं.

पहिला आठवडा तिने दुसरं काही बदलू नये, नुसतं लिहावं. फ्रिजवर चुंबकाने एक कागद लावायचा आणि त्यावर दोनच गोष्टी: कधी उठलं, कधी झोपलं. मोबाईलमध्ये यासाठी ॲप आहेत, पण कागद घरातल्या सगळ्यांना दिसतो आणि सासूबाईही त्यावर लिहू शकतात. आठवड्याने तो कागद बघताना घड्याळाच्या वेळा बघायच्या नाहीत, दोन झोपांमधलं अंतर बघायचं. सोमवारी बाळ सहा दहाला उठलं, आठला झोपलं. मंगळवारी सहा पन्नासला उठलं, आठ पस्तीसला झोपलं. बुधवारी साडेसहाला उठलं आणि सव्वाआठला पेंगलं. झोपायच्या वेळा पस्तीस मिनिटांनी पुढेमागे आहेत, पण जागेपण दरवेळी पावणेदोन तासांच्या आसपासच आहे. बेभरवशाचं वाटणारं बाळ इथे बरंच भरवशाचं निघतं. या वयात सकाळचं पहिलं जागेपण सगळ्यात छोटं असतं, दिवस चढेल तसं ते वाढत जातं आणि संध्याकाळी सव्वादोन-अडीच तासांपर्यंत जातं. प्रत्येक बाळाचा आकडा वेगळा, म्हणून तर कागद.

एकदा हे अंतर कळलं की पुढच्या झोपेचा अंदाज अर्ध्या तासाच्या फरकाने बांधता येतो. घड्याळ अंदाज सांगतं, पक्कं बाळच सांगतं: हातातल्या खुळखुळ्यावरून नजर काढून कुठेतरी शून्यात बघतं, भुवया लालसर होतात, मग डोळे चोळणं, कान ओढणं. रडायला लागलं म्हणजे ती वेळ टळून गेली. ठेवल्यावर पाठीची कमान करून किंचाळत असेल तर ते जास्त दमलंय. पुढच्या वेळी पंधरा मिनिटं आधी घ्यावं. ठेवल्यावर वीस मिनिटं पाय उडवत पाळण्याच्या चिमण्यांशी गप्पा मारत असेल तर त्याला अजून झोप आलेलीच नाही. अशा वेळी हट्टाने झोके देत बसण्यात अर्धा तास जातो आणि आईची चिडचिड होते ती वेगळीच. सरळ बाहेर काढावं आणि थोड्या वेळाने पुन्हा बघावं.

आता दिवस कशाच्या आधाराने बांधायचा? झोपांच्या नाही, त्या हलत राहणार. ज्या गोष्टी आपल्या हातात आहेत त्यांच्या. पहिली म्हणजे सकाळी उठायची वेळ. रात्र कशीही गेली तरी साडेसहा ते सातच्या दरम्यान पडदे उघडायचे, बाळाला उजेडात आणायचं. बाळाच्या शरीरातलं घड्याळ उजेडावर लागतं, आणि सकाळ रोज दोन-दोन तासांनी हलली तर पुढचं काहीच जमून येत नाही.

दुसरी खुंटी मराठी घरांत आयतीच असते: मालिश आणि आंघोळ. तेल चोळून, कढत नव्हे पण चांगल्या कोमट पाण्याने आंघोळ, दुपट्यात गुंडाळून पोटभर दूध. यानंतरची झोप ही बहुतेक बाळांची दिवसातली सगळ्यात मोठी झोप असते, सवा-दीड तासाची. (शेगडीवरची धुरी मात्र सोडून द्यावी. धूर धूरच असतो आणि ती फुप्फुसं फार लहान आहेत.) बऱ्याच घरी मालिशवाल्या मावशी त्यांच्या सोयीने येतात, एक दिवस नऊला, एक दिवस अकराला. त्यांच्याशी बोलून वेळ बांधून घेण्याइतकं मोलाचं काम दुसरं नाही. आपल्या आईचं बाळ पहिल्या झोपेतून नऊच्या आत उठतं. म्हणून मावशींनी पावणेदहाला यायचं, सव्वादहाला आंघोळ, दूध पिऊन पावणेअकराला बाळ गाढ. दिवसातलं सगळ्यात डोकं लागणारं काम या झोपेसाठी राखून ठेवायचं. भांडी, कपडे, भाजी, काही नाही. बाळ झोपल्याबरोबर आधी स्वयंपाकघर आवरायला धावणं ही सवय इथे महाग पडते; भांडी बाळाला मांडीवर घेऊन बसल्या बसल्या कोणाकडून तरी करून घेता येतात, टेस्ट प्लॅन नाही.

तिसरी खुंटी म्हणजे दुसरं माणूस. इथे आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही: साडेपाच महिन्यांच्या बाळाच्या झोपेवर आठ तासांची नोकरी होत नाही. तीन तास पंधरा मिनिटांच्या झोपेतून आईच्या हातात कामाचे दोनच तास उरतात, कारण झोपवण्यात वेळ जातो आणि एक झोप तिला स्वतःला टेकायला लागते. उरलेले तास कोणाकडून तरी यायला हवेत. सासूबाईंना दिवसभर जमत नसेल तर एक ते चार या वेळेत एक बाई ठेवावी आणि सासूबाईंनी फक्त जवळ असावं. पाळणाघराचा खर्च वाचवण्यासाठी घरून काम, हे गणित अनेक घरांत पहिल्या पंधरवड्यातच मोडतं. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीवर पाळणाघराची सोय करण्याचं बंधन आहे. ऑफिस जवळ असेल तर आठवड्यातले दोन दिवस तोही पर्याय विचारून बघावा.

बाळ सोपवण्याचीही एक पद्धत असते. आई बंद दाराआड बोलतेय हे बाळाला ऐकू येतं आणि मग आजीकडे ते राहत नाही. म्हणून आधी पोटभर पाजायचं आणि मगच सोपवायचं. एकला पाजलं, सव्वाला दिलं, आणि पहिला अर्धा तास बाळाला सोसायटीच्या बागेत नेलं की आईचा आवाज त्याच्या कानावर पडत नाही. घरूनच काम असल्यामुळे मधल्या वेळी दूध काढून ठेवावं लागलंच तर एखाद्याच वेळेपुरतं. ते पंचवीस अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास टिकतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये तो नियम धरू नये, काढल्या काढल्या फ्रिजमध्ये ठेवावं, तिथे चार दिवस चालतं.

“अगं, झोपलाय तोवर तूही पड जरा,” हे सासूबाईंचं वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं आणि त्यात काळजीच असते. त्यावर “आई, ही झोप कामाची. पाचला झोपेल ना, तेव्हा मी नक्की पडते” असं सांगता येतं, कारण आता कोणती झोप कशासाठी हे ठरलेलं आहे.

कामाचीही विभागणी लागते, आणि ती महत्त्वाच्या-बिनमहत्त्वाच्या अशी करून भागत नाही. काम मध्येच टाकता येतं का, हे बघायचं. टेस्टिंगमध्ये आलेल्या तक्रारी वाचून त्यांची वर्गवारी करणं, मेलना उत्तरं देणं, चाचण्यांचे निकाल तक्त्यात भरणं ही कामं पंधरा मिनिटांनी सुटली तरी बिघडत नाही. ती बारीकसारीक झोपांना ठेवायची. नव्या फीचरचा टेस्ट प्लॅन लिहायला सलग तास लागतो, तो आंघोळीनंतरच्या झोपेचा. आणि कॉल? कॉल झोपेवर कधीच ठेवायचा नाही, माणसावर ठेवायचा. बारा वाजता झोपतोच, असं म्हणून बाराची मीटिंग घेतली की नेमका त्या दिवशी तो साडेअकराला उठतो. जो वेळ दुसऱ्या माणसाने धरलेला आहे, त्याच वेळात आपला आवाज आणि चेहरा लागणारी कामं. बाळ तेव्हा झोपलंय की जागं, याने मग फरक पडत नाही.

उठताना एक गोष्ट करायची. पाळण्यातून आवाज आला की बाई लॅपटॉप तसाच टाकून पळते, आणि पाऊण तासाने परत आल्यावर आपण कुठे होतो हे आठवण्यात दहा मिनिटं जातात. त्याआधी एक ओळ लिहायची: “47 पर्यंत झालं, 48 मध्ये तारीख चुकतेय, लॉग बघायचा.” वीस सेकंदांचं काम आहे. पहिल्या कुरकुरीला तेवढं थांबलेलं बाळालाही बरं असतं, कारण कित्येकदा ती दोन आवर्तनांमधली नुसती कुरकुर असते आणि उचललं नाही तर ते परत झोपतं. रडणं चढत गेलं तर अर्थातच उचलायचं.

तर आपल्या आईचा एक दिवस असा जातो. साडेसहाला बाळ उठलं. सव्वाआठ ते आठ पन्नास पहिली झोप, त्यात पंचवीस मिनिटं मेल. पावणेअकरा ते सव्वाबारा मोठी झोप, त्यात ऐंशी मिनिटं टेस्ट प्लॅन. सव्वाएक ते चार बाळ बाईकडे, दुपारची झोपही तिकडेच. सगळे कॉल इथे, जेवण मात्र त्याआधी, बाळ जागं असताना त्याला समोर बसवून. चारनंतर बाळ आईकडे. पाच ते साडेपाच शेवटची झोप आणि तेव्हा आईने आडवं व्हायचं. ही झोप साडेपाचच्या पुढे जाऊ द्यायची नाही, हळूच उठवायचं, नाहीतर रात्रीची झोप लांबते. पावणेसातला नवरा बाळ घेतो आणि सात वाजता क्लायंटचा अर्ध्या तासाचा कॉल. पावणेआठला बाळ दूध पिऊन झोपलं. साडेआठ ते दहा पुन्हा काम. बेरीज साडेसहा तास होते. ऑफिसात आठ तास बसणाऱ्या माणसाचे चहा-जेवण वगळून उरलेले तास मोजले तर हे कमी नाही.

रात्री दहाला लॅपटॉप बंद करायचा, हे मात्र ताणू नये. बाळाची रात्रीतली सगळ्यात लांब झोप ही पहिली झोप असते. पावणेआठला झोपलेलं बाळ साडेबारा-एकच्या सुमारास पहिल्यांदा उठतं आणि नंतर दर दोन-तीन तासांनी. आईने बारापर्यंत काम केलं तर तिच्या वाट्याचे सगळ्यात अखंड तास कामात जातात आणि उरते ती तुकड्यातुकड्यांची रात्र. काम संपलं नसेल तर नवऱ्याने सकाळी साडेसहा ते साडेसात बाळ घ्यावं आणि तो तास कामाला द्यावा. तो सौदा जास्त स्वस्त पडतो.

दिवस फिसकटतो तेव्हा काय होतं ते बघू. मोठी झोप पस्तीस मिनिटांतच मोडली. बाळ हसत उठलं तर झोप पुरली, खेळायला घ्यायचं. डोळे चोळत, रडत उठलं तर खांद्यावर घेऊन अंधाऱ्या खोलीत पाच-दहा मिनिटं. बऱ्याचदा मांडीवर आणखी अर्धा तास मिळतो. नाहीच मिळाला तर पुढचं जागेपण वीस मिनिटांनी कमी करायचं, म्हणजे दोन वाजून वीसच्या ऐवजी सव्वाअकरापासून मोजून एकच्या आसपास. ती झोप बाईकडे जाते आणि सोपवायची वेळ तीच राहते. गेलेला वेळ त्याच दिवशी भरून काढायचा नाही. टेस्ट प्लॅन उद्याच्या मोठ्या झोपेला जातो, आणि हे मॅनेजरला आधीच ठाऊक हवं. कामावर परतताना “मी नेहमी ऑनलाईन असेन” असं सांगणाऱ्या बायका आठवड्यात अडकतात. त्यापेक्षा हे सांगितलेलं बरं: “एक ते चार मी कॉलवर केव्हाही मिळेन. बाकीच्या वेळी मेसेजला दोन तासांत उत्तर देईन. मोठं काम असेल तर मुदतीत एक दिवस जास्त धरा.” हे पाळता येतं, म्हणून मॅनेजरलाही चालतं.

दोन धोक्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. रात्री दहानंतर थकलेली आई सोफ्यावर बाळाला पाजता पाजता झोपते, ही घरातली सगळ्यात धोक्याची जागा आहे. बाळ गादीच्या सापटीत सरकून श्वास कोंडू शकतो. डोळे मिटायला लागले तर नवऱ्याला हाक मारायची, किंवा बाळाला त्याच्या सपाट अंथरुणावर पाठीवर ठेवायचं. झोळीत बाळ नजरेसमोर असेल तेवढाच वेळ. आणि कुशीवर वळायला लागलं की झोपताना घट्ट बांधणं बंद, दुपटं फक्त आंघोळीपुरतं. दुसरा धोका वेगळ्या जातीचा आहे. अनियमित झोप नेहमीची, पण बाळ दूध प्यायलाही उठत नाही, ताप आहे, दिवसभरात लंगोट सहापेक्षा कमी वेळा ओले होताहेत, तर तो वेळापत्रकाचा प्रश्न राहत नाही, डॉक्टरकडे न्यावं. आईच्या बाबतीतली खूण अशी: बाळ झोपलंय, कोणीतरी सांभाळतंय, अंग मोडून आलंय, तरी झोप लागत नाही, आणि हे उदासपणासकट दोन आठवड्यांच्या वर चाललंय. ही साधी दमणूक नसते. स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा टेलि-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर सांगावं. तिथे मराठीतही बोलतात.

हे वेळापत्रक दीड-दोन महिने पुरतं. सहा महिने झाले की वरचं अन्न सुरू होतं आणि नाचणीच्या खिरीच्या दोन चमच्यांना, पुसापुशी धरून, अर्धा तास लागतो; तो दुपारी बाळ सोपवायच्या आधी धरावा. मग एक दिवस बाळ पाचची झोप नाकारायला लागतं. एखाद्या दिवशी नाकारली तर काही नाही, आठवडाभर नाकारली तर समजायचं की चार झोपांच्या तीन झाल्या. अशा दिवशी रात्रीची झोप अर्धा तास आधी आणावी लागते आणि आईची टेकायची वेळ जाते, ती दुपारच्या तीन तासांतून पंचवीस मिनिटं काढून भरावी लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेची घड्याळं तासाभराने मागे जातात आणि सातचा कॉल आठवर येतो. तोपर्यंत फ्रिजवर नवा कागद लागलेला असावा.